पाळी गेल्यावर लघवीची घाई आणि पुन्हापुन्हा लागणारी ‘उन्हाळी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बायका ही तक्रार माझ्याकडे सहसा पहिली सांगत नाहीत. आधी गुडघे, मग बीपीच्या गोळ्या, आणि शेवटी उठून खुर्ची मागे सरकवताना हळूच, “डॉक्टर, ते लघवीचं जरा विचारायचं होतं.” त्यानंतर जे प्रश्न येतात ते खाली लिहिले आहेत. शब्द साधारण त्यांचेच ठेवलेत.

पाळी जाऊन दहा वर्षं झाली. तेव्हा काही झालं नाही, मग आत्ताच का?

पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, तो त्रास बहुतेकींचा काही वर्षांत ओसरतो. लघवीच्या आणि योनीमार्गाच्या तक्रारींचं उलटं असतं. त्या उशिरा येतात आणि उपचार केले नाहीत तर आपणहून जात नाहीत, वर्षागणिक थोड्या वाढतातच. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथलं अस्तर एका दिवसात पातळ होत नाही, हळूहळू होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी गेलेली बाई पंचावन्न-साठीला माझ्यासमोर येते ती यामुळे. “पाळीचा आता काय संबंध?” असं तिलाच काय, कधीकधी तिच्या डॉक्टरलाही वाटतं.

पण इस्ट्रोजेन कमी होण्याचा आणि जंतू लागण्याचा संबंध काय?

हे नीट समजलं तर पुढचे उपचार पटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाळी चालू असताना योनीमार्गाचं अस्तर जाड असतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. ही साठवण इस्ट्रोजेनमुळे होते. तिथे राहणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे चांगले जंतू तिच्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीमार्ग चांगला आंबट राहतो, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ४.५ असतो. शौचाच्या जागेकडून येणारे ई. कोलाय जंतू त्या आंबटपणात टिकत नाहीत. लघवीचं बहुतेक इन्फेक्शन याच ई. कोलायमुळे होतं.

इस्ट्रोजेन गेलं की साखर आटते, लॅक्टोबॅसिलस उपाशी मरतात, आंबटपणा जातो. पीएच पाचाच्या वर, कित्येकींत सहा-साडेसहापर्यंत चढतो. मग ई. कोलाय योनीच्या तोंडाशीच मुक्काम ठोकतात. तिथून मूत्रमार्गाचं तोंड अगदी लागून, आणि बाईचा मूत्रमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब. मूत्राशयात चढायला त्यांना फार खटपट करावी लागत नाही.

आता पाहा, अँटिबायोटिकच्या पाच दिवसांत मूत्राशयातले जंतू मरतात. दाराशी बसलेले तसेच राहतात, किंवा आठ-दहा दिवसांत परत येतात. उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही त्या गोळ्यांत जातात. एक कोर्स संपला की दुसऱ्याची वेळ येते, त्याचं कारण हे आहे. गोळी कमी पडली, हलकी निघाली, असा त्याचा अर्थ नसतो.

जंतू नसले तरी एवढी घाई का होते?

मूत्रमार्ग, मूत्राशयाचा तळाचा त्रिकोणी भाग आणि योनीचा खालचा भाग हे गर्भात एकाच ठिकाणापासून तयार होतात. म्हणून तिन्ही ठिकाणी इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या पेशी आहेत आणि ते कमी झाल्याचा परिणामही तिन्हीवर होतो. मूत्रमार्गाचं मऊ, रक्ताने भरलेलं अस्तर दाराच्या रबरासारखं झाकण घट्ट ठेवतं. ते पातळ झालं की झाकण सैलावतं. तळाचा भाग हुळहुळा होतो आणि थोडी लघवी साठली तरी “भरलं, भरलं” अशी हाकाटी सुरू करतो. एकदा लागली की दम निघत नाही, बाथरूमपर्यंत पोचेतो दोन थेंब निसटतात.

या सगळ्या तक्रारींना मिळून डॉक्टरी भाषेत २०१४ पासून एक नवं नाव आहे. त्याआधीच्या नावाचा अर्थ नुसता ‘योनीचा शोष’ असा होता, त्यात लघवीचा उल्लेखच नव्हता. नाव बदललं ते बरं झालं, कारण नावात नसलेली तक्रार विचारायची राहून जाते. इथे आपण साधं ‘इस्ट्रोजेन आटल्याचा त्रास’ म्हणू.

जळजळ होते म्हणजे इन्फेक्शनच ना?

नाही. मला वाटतं सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

मी एक प्रश्न विचारते, “जळतं ते नेमकं कुठे? आत, की लघवी बाहेर कातडीला लागल्यावर?” लघवी होताना आतून, ओटीपोटात खोल जळत असेल, दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झालं असेल, लघवी गढूळ झाली असेल, दर पंधरा मिनिटांनी थेंब-थेंब होत असेल, तर इन्फेक्शनची शक्यता मोठी. लघवी बाहेरच्या पातळ कातडीला लागल्यावर झोंबत असेल, महिनोन्‌महिने कमी-जास्त चालू असेल, चालताना किंवा सुती साडी घासली तरी चुरचुरत असेल, तर तो बहुधा कोरडेपणा. दोन्ही एकत्रही असू शकतं. तेव्हा अंदाजावर न जाता कल्चर करायचं.

कल्चर आणि साधी लघवीची तपासणी, फरक काय?

साध्या तपासणीत ‘पस सेल्स’ म्हणजे पुवाच्या पेशी दिसतात. पाळी गेलेल्या बाईत त्या योनीमार्गातूनही येऊन मिसळतात, त्यामुळे “पस सेल्स ८ ते १०” एवढ्यावरून इन्फेक्शन ठरवता येत नाही. त्याच कागदावर ‘एपिथेलियल सेल्स’, म्हणजे अस्तराच्या पेशी, भरपूर असतील तर सॅम्पलमध्ये बाहेरचा स्राव मिसळलाय हे समजून घ्यावं. कल्चरमध्ये कोणता जंतू, किती आणि कोणत्या औषधाला मरतो हे कळतं. ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे अनेक जंतू एकत्र वाढलेले, असं आलं तर बहुतेक वेळा तेही बाहेरच्या मिसळीचंच असतं, पुन्हा सॅम्पल द्यावं.

सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचं. जागा साध्या पाण्याने धुवायची, एका हाताने बाहेरचे ओठ बाजूला धरायचे, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. दोन तासांत लॅबला पोचवायची, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. लोणच्याची बरणी कितीही स्वच्छ धुतलेली असली तरी चालत नाही. (होय, आणली होती एकींनी.)

अशा कल्चरने सिद्ध झालेली इन्फेक्शन्स सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन झाली, तर त्याला आम्ही ‘वारंवार’ म्हणतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी लघवीत जंतू सापडले. मला त्रास काहीच नाही. गोळ्या घेऊ?

त्रास नसेल तर घेऊ नका. वयानुसार कित्येक बायकांच्या लघवीत जंतू शांतपणे राहतात, अपाय करत नाहीत. त्यांना औषध दिल्याने पुढची इन्फेक्शन्स टळत नाहीत, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. गरोदरपणात आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रियांआधी मात्र उपचार करतात. मोतीबिंदू त्यात बसत नाही. तसंच, कोर्सनंतर बरं वाटत असेल तर ‘क्लिअर झालं का’ बघायला पुन्हा कल्चर करायचीही गरज नसते.

एखादं उदाहरण सांगाल का, म्हणजे नेमकं काय करतात ते कळेल?

सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. एकोणसाठ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेलेली. चौदा महिन्यांत अँटिबायोटिकचे सहा कोर्स झाले होते. सोबत मुलगा आणि जाडजूड फाइल. “आईचं इन्फेक्शन जातच नाही,” तो म्हणाला.

फाइल टेबलावर पसरली. सहा वेळांपैकी कल्चर झालं होतं तीनदाच. एकात ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये लाखाच्या वर, म्हणजे खरं इन्फेक्शन. एकात मिक्स्ड ग्रोथ. एकात काहीच वाढलं नाही, पण गोळ्या मात्र पूर्ण झाल्या होत्या. उरलेल्या तीन वेळा फक्त पस सेल्स पाहून औषध लिहिलेलं. म्हणजे सहा ‘इन्फेक्शन्स’पैकी पक्कं एकच. बाकीच्यांपैकी काही असतीलही, आता सांगता येणार नाही.

मुलाला बाहेर बसवलं. मग बाई मोकळ्या झाल्या. जळजळ बहुतेक वेळा बाहेरच. नवऱ्याशी संबंध दोन वर्षांपासून बंद, कारण दुखतं. हे त्यांनी फाइलमधल्या एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. तपासलं तर अस्तर फिकट, तकतकीत, वळ्या गेलेल्या. मूत्रमार्गाच्या तोंडाशी लाल मऊ कोंब बाहेर डोकावत होता, तोही इस्ट्रोजेन आटल्याचीच खूण. पीएचची पट्टी ६.५ दाखवत होती. अंग बाहेर आलेलं नव्हतं. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात ३० मिलिलिटर उरत होती, म्हणजे ठीक. साखर काबूत. तीन दिवस लघवीची नोंद ठेवायला सांगितली. दिवसा तेरा वेळा, रात्री तीन, दर वेळी ८० ते १५० मिलिलिटर. चहा चार कप, शेवटचा रात्री नऊला, मालिका बघताना.

उपचार तीन दिले. इस्ट्रोजेनचं क्रीम. घाई आवरण्याचा सराव. आणि एक अट: पुन्हा जळजळ झाली तर आधी कल्चरची डबी, मग गोळी. नऊचा चहा गेला, मालिका राहिली.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला, क्रीम लावलं की चुरचुरतं, बंद करते. पातळ अस्तरावर सुरुवातीला असं होतं, म्हणून आठवडाभर प्रमाण निम्मं करून चालू ठेवायला लावलं. तीन महिन्यांनी पीएच ४.५, दिवसा आठ वेळा, रात्री एकदा. पुढच्या दहा महिन्यांत कल्चरने सिद्ध झालेलं एक इन्फेक्शन झालं, ते नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकच्या पाच दिवसांत गेलं. घाई पूर्ण गेली का? नाही. बाहेरून येऊन कुलपात किल्ली घालताना अजून येते, असं त्या म्हणतात.

हे क्रीम कसं आणि किती लावायचं?

आपल्याकडे एस्ट्रिऑलचं क्रीम सहज मिळतं, एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम औषध असलेलं. नेहमीची पद्धत अशी: अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम क्रीम, पहिले दोन आठवडे रोज रात्री झोपताना, नंतर आठवड्यातून दोनदा. ॲप्लिकेटरने योनीमार्गात, आणि त्यातलंच वाटाण्याएवढं बोटावर घेऊन मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती. हे दुसरं पुष्कळजणी विसरतात, खरं तर लघवीची तक्रार तिथेच असते. दुसऱ्या प्रकारच्या क्रीमचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून मैत्रिणीची ट्यूब वापरू नका. संबंधांच्या आधी लावू नये, त्यासाठी वेगळं वंगण वापरावं.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच प्रमाण वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या ९३ बायकांत तपासलं होतं. नुसतं क्रीम, औषधाविना, लावणाऱ्या गटात वर्षाला सरासरी ५.९ इन्फेक्शन्स झाली, एस्ट्रिऑलच्या गटात ०.५. एका महिन्यात पीएच ५.५ वरून ३.८ वर आला आणि सुमारे साठ टक्के बायकांत लॅक्टोबॅसिलस परत दिसले. दुसऱ्या गटात एकीतही नाही. इतर अभ्यासांतले आकडे इतके झगझगीत नाहीत, पण कौल त्याच बाजूला आहे. याच अभ्यासात चुरचुर, खाज यामुळे औषध सोडणाऱ्याही बऱ्याच होत्या, हेही सांगायला हवं.

फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत “काही उपयोग नाही” म्हणून ट्यूब कपाटात टाकू नका. बरं वाटलं म्हणून बंद केलं तर अस्तर पुन्हा पातळ होतं, कारण शरीरात इस्ट्रोजेन काही परत आलेलं नसतं. चष्म्यासारखं समजा.

हार्मोन म्हटलं की भीती वाटते. खोक्यातल्या कागदावर कॅन्सर लिहिलंय.

तो इशारा मुळात पोटातून घेतलेल्या, सगळ्या शरीरात फिरणाऱ्या हार्मोनवरच्या अभ्यासांतून आलेला, आणि तोच क्रीमच्या खोक्यातही छापला गेला. कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फार थोडं औषध उतरतं. हजारो बायकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेल्या मोठ्या अभ्यासांत योनीतून इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

तरी दोन ठिकाणी थांबायचं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, विशेषतः लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन आणखी कमी करणारी गोळी चालू असेल, तर आधी बिगर-हार्मोन उपाय आणि क्रीमचा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि पाळी गेल्यानंतर डाग जरी दिसला असला, तरी त्याचं कारण शोधल्याशिवाय क्रीम सुरू करायचं नाही.

मग क्रीमऐवजी हार्मोनची गोळी खाल्ली तर?

लघवीच्या इन्फेक्शनसाठी उपयोग होत नाही. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने इन्फेक्शन्स कमी झाल्याचं दिसलेलं नाही, आणि लघवी निसटण्याची तक्रार त्याने वाढू शकते.

धन्याचं पाणी, जवाचं पाणी, सब्जा? आणि ते क्रॅनबेरीचं पाकीट?

धने, जव, सब्जा खुशाल घ्या, त्यातून पाणी पोटात जातं एवढा फायदा नक्की. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ की हे द्यायची रीत आहे, आणि एसटीच्या प्रवासात स्वच्छ संडास मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाईला त्याने बरंही वाटतं. पण आटलेलं अस्तर त्याने जाड होत नाही.

क्रॅनबेरीने वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांत थोडा फायदा दिसतो. त्याच पाकिटात पुष्कळदा डी-मॅनोज नावाची साखर असते, ती २०२४ च्या एका चांगल्या चाचणीत निष्प्रभ ठरली. पाकीट महाग असतं, पैसे आधी कल्चरला ठेवा.

प्रोबायोटिक कॅप्सूलबद्दल मी एवढंच विचारते: विरजण कितीही चांगलं असलं तरी पातेल्यात दूधच नसेल तर दही कसं लागेल? आधी इस्ट्रोजेनने अस्तरात साखर येऊ दे. आणि कृपा करून डेटॉलचं पाणी, तुरटी, सुगंधी वॉश तिथे वापरू नका. त्या कातडीला साधं पाणी पुरे.

क्रीम लावूनही इन्फेक्शन होतच राहिलं तर?

मग दुसरं काही आहे का ते शोधायचं: अंग बाहेर आलंय का, लघवी मागे उरते का, खडा आहे का, साखर वाढलीय का. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते साखर लघवीवाटे बाहेर काढतं, त्याने लघवी वाढते आणि बुरशीची खाजही होते. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. हे सगळं ठीक असेल तर मेथेनामाइन हिप्युरेट हे औषध आहे. ते अँटिबायोटिक नाही, आंबट लघवीत त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि जंतू मरतात. २०२२ च्या एका ब्रिटिश चाचणीत ते रोजच्या कमी मात्रेतल्या अँटिबायोटिकपेक्षा फारसं मागे पडलं नाही.

घाई आवरण्याचा सराव म्हणजे काय करायचं?

घाई लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. लाट माथ्यावर असताना धावलात तर सांडणारच. त्या क्षणी उभ्या असाल तिथे थांबा, जमलं तर टेकून बसा. वारा सरू नये म्हणून आवळतो तसं खालून पाच-सहा वेळा पटपट आवळा आणि सोडा. लाट उतरली की शांतपणे चालत जा. पहिले काही दिवस फजिती होईल, पॅड लावून सराव करा. तासाला जात असाल तर आठवडाभर सव्वा तास, मग दीड, असं अंतर वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत न्यायचं. ‘बाहेर पडायचंय, उगाच जाऊन येते’ ही सवयही सोडायची. त्याने मूत्राशयाला थोड्याशा लघवीतच भरल्यासारखं वाटायची सवय लागते.

यानेही भागलं नाही तर गोळ्या आहेत. त्यांतल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि म्हातारपणी विसराळूपणा वाढू शकतो, म्हणून मी त्या आधी देत नाही.

माझी पिशवी चाळिशीतच काढली. मला हे लागू आहे?

अंडाशयही काढले असतील तर जास्तच, कारण इस्ट्रोजेन हळूहळू न घटता ऑपरेशनच्या दिवसापासूनच बंद होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या ऑपरेशनांची २०१९ मध्ये एवढी चर्चा झाली, पण पुढे त्यांच्या लघवीचं काय झालं हे फारसं कोणी विचारलं नाही. अंडाशय ठेवले की काढले हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, ते शोधून आणा.

तातडीने कधी यायचं?

थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या, किंवा लघवी अजिबात न होणं: त्याच दिवशी. लघवीत डोळ्यांना रक्त दिसलं तर ते इन्फेक्शन समजून सोडू नका. औषधाने थांबलं तरी मूत्राशयाची तपासणी करून घ्या.

येताना काय आणू?

सगळे जुने कल्चर रिपोर्ट तारखेनुसार लावून, चालू औषधांची पाकिटं, आणि तीन दिवसांची नोंद: किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती भरली, काय प्यायलात, कधी निसटली. वहीचं एक पान पुरतं. मापाचं भांडं मात्र नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका, वीस रुपयांचं वेगळं घ्या.